साखर कारखान्याचा संघटन तक्ता: सात रकाने आणि एक ठिपका

सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट महिना आमच्याकडे अहवालांचा. मी तालुक्याच्या गावी अहवाल लावून देण्याचं काम करतो. ताळेबंद, नफातोटा पत्रक, ऊसपुरवठ्याचे तक्ते हे दरवर्षीचंच असतं. त्या वर्षी एका कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी नवीन पान सांगितलं: कारखान्याचा संघटन तक्ता. कोण कोणाच्या हाताखाली, हे सभासदाला एका पानावर दिसलं पाहिजे.

कारखान्याच्या ऑफिसातून कच्चा तक्ता आला तो वर्डमध्ये. चौकटी होत्या, रेषाही होत्या, पण फाइल माझ्या मशीनवर उघडल्यावर निम्म्या रेषा चौकटींपासून सुटलेल्या. हे वर्डचं जुनं दुखणं आहे. तिथे कनेक्टर चौकटीला खरोखर चिकटायला हवा असेल, तर आधी `Insert > Shapes > New Drawing Canvas` घेऊन त्या कॅनव्हासच्या आत काढावं लागतं. उघड्या पानावर काढलेला कनेक्टर म्हणजे नुसती रेघ. वरचा मजकूर एक ओळ खाली सरकला की चौकट एकीकडे, रेघ दुसरीकडे. म्हणून मी काम पॉवरपॉइंटमध्ये घेतलं.

पहिला प्रयत्न अर्थातच स्मार्टआर्टचा. `Insert > SmartArt > Hierarchy` मधला तयार तक्ता घेतला आणि डावीकडच्या मजकूर-पट्टीत नावं टाकत गेलो. दहा चौकटींपर्यंत छान दिसत होतं. आमच्या तक्त्यात चौकटी चौतीस: संचालक मंडळ, कार्यकारी संचालक, अंतर्गत लेखापरीक्षक, सात विभागप्रमुख आणि त्यांच्या हाताखालचे चोवीस. स्मार्टआर्ट चौकटी मावेपर्यंत सगळं लहान करत जातं. त्यात अक्षराचा आकार सगळीकडे सारखा ठेवायची त्याची धडपड असते, त्यामुळे ‘मुख्य रसायनतज्ज्ञ’ हा एक लांब शब्द बसवायला बाकी सगळ्यांची अक्षरंही आकसतात. आमची सात पॉइंटांवर आली. सभेला येणारा बहुतेक सभासद चष्मेवाला. त्याच्या हातात सात पॉइंटांचं देवनागरी देण्यात अर्थ नव्हता.

अक्षराचा आकार हाताने वाढवता येतो, पण खरी अडचण दुसरीच होती. स्मार्टआर्टला फक्त झाड कळतं: एका चौकटीला वर एकच मालक. आमच्या कारखान्यात केन अकौंटंट लेखा विभागात बसतो, पगार आणि रजा मुख्य लेखापालांकडे, पण उसाच्या वजनाच्या नोंदींचा हिशेब मुख्य शेतकी अधिकाऱ्यांना देतो. डिस्टिलरीच्या केमिस्टचं तसंच. अंतर्गत लेखापरीक्षक संचालक मंडळाला उत्तरदायी. मी त्याला `Add Assistant` ने कार्यकारी संचालकांच्या बाजूला बसवला, तर चित्राचा अर्थ असा झाला की लेखापरीक्षक ज्यांचं काम तपासतो त्यांच्याच हाताखाली आहे. ऑफिस सुपरिंटेंडेंट बघून म्हणाले, “हे छापलंत तर सभेत पहिला प्रश्न यावरच येईल.”

मग स्मार्टआर्टचे सुटे आकार करून पाहिले. `Convert to Shapes` केल्यावर चौकटी मोकळ्या मिळतात, पण त्यांना जोडणाऱ्या रेषा कनेक्टर राहत नाहीत, नुसते वाकडे आकार होतात. चौकट हलवली की रेषा जागेवरच. वर्डमधून सुटका करून घेतलेलं दुखणं पुन्हा दारात. शेवटी कोऱ्या स्लाइडवर पहिल्यापासून काढायचं ठरवलं.

कोरी स्लाइड म्हणजे आधी कागद. पॉवरपॉइंटच्या `Slide Size` मध्ये A4 म्हणून जो पर्याय आहे तो खरा A4 नाही, तो 27.5 बाय 19.05 सेंमी भरतो. छापताना तो ताणला तर मापं चुकतात, न ताणता छापला तर कडेला रिकामी जागा राहते. म्हणून `Custom` घेऊन 29.7 बाय 21 हाताने भरलं. दोन्ही बाजूंना 1.2 सेंमी समास सोडला. उरली रुंदी 27.3.

त्यानंतर माउसला हात न लावता कागदावर हिशेब केला. सगळ्या कामातली ही वीस मिनिटं सर्वांत मोलाची. सात विभागप्रमुख एका ओळीत हवे होते. चौकट 3.3 सेंमी आणि मधली मोकळी जागा 0.7 धरली, तर सात चौकटींचे 23.1 आणि सहा फटींचे 4.2, मिळून बरोबर 27.3. पहिली चौकट डावीकडून 1.2 वर, दुसरी 5.2 वर, तिसरी 9.2 वर, असा चार-चार सेंमीचा टप्पा. चौथी 13.2 वर येते आणि तिचा मध्य 14.85 वर, म्हणजे पानाच्या अगदी मध्यावर. कार्यकारी संचालकांची चौकट मी 4.9 रुंद केली आणि 12.4 वर ठेवली, तिचाही मध्य 14.85. ही आकडेमोड हौसेची नव्हती, ते पुढे कळेल.

उभ्या दिशेला संचालक मंडळ वरून 2.2 वर, कार्यकारी संचालक 4.7 वर, विभागप्रमुख 7.6 वर, तिन्हींची उंची 1.3. प्रत्येक आकड्यासाठी चौकटीवर राइट-क्लिक, `Size and Position`, आणि `Horizontal position`, `Vertical position` मध्ये टाइप. माउसने ओढून पॉवरपॉइंटच्या लाल तुटक रेषांवर भरवसा ठेवला की अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच, आणि कनेक्टर तो अर्धा मिलिमीटर चव्हाट्यावर आणतो.

कसा, ते सांगतो. कार्यकारी संचालकांच्या चौकटीच्या खालच्या बिंदूपासून विभागप्रमुखाच्या वरच्या बिंदूपर्यंत `Connector: Elbow` काढला, की तो थोडा खाली उतरतो, आडवा जातो, पुन्हा खाली उतरतो. तो आडवा कुठे वळायचा हे ठरलेल्या सेंटिमीटरवर अवलंबून नसतं. दोन टोकांतल्या अंतराच्या निम्म्यावर तो वळतो. आमच्याकडे वरची चौकट 6.0 वर संपते, खालची 7.6 वर सुरू होते, म्हणून आडवी रेघ 6.8 वर. सातही चौकटींचा माथा 7.6 वर असेल, तर सात कनेक्टरांच्या सात आडव्या रेघा एकावर एक पडतात आणि डोळ्याला एकच सरळ पट्टी दिसते. एखाद्या चौकटीचा माथा 7.8 वर गेला, तर तिची आडवी रेघ 6.9 वर पडते. एक मिलिमीटरचा फरक, पण एक पॉइंटची रेघ साधारण एक तृतीयांश मिलिमीटर जाड असते, त्यामुळे दोन रेघा स्वच्छ वेगळ्या दिसतात. फरक याहून कमी असेल तर दोन दिसत नाहीत, एकच पण मध्येच जाड झालेली दिसते. तक्ता ‘कसातरीच’ दिसतोय पण चूक सापडत नाही, तेव्हा आधी ही जाडी शोधावी.

माझ्याकडे तसंच झालं. मुख्य लेखापालांच्या चौकटीवरची रेघ जाड दिसत होती. आकडा पाहिला तर माथा 7.55. मी तर 7.6 टाकला होता! झालं असं, की ती एक चौकट मी आधीच्या टेक्स्ट बॉक्समधून कॉपी केली होती. टेक्स्ट बॉक्सला मुळातच `Resize shape to fit text` लागलेलं असतं, साध्या आयताला नसतं. मजकूर दोन ओळींचा झाला, देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांमुळे ओळ आणखी उंच झाली, आणि मजकूर उभ्या मध्यावर असल्याने चौकट वर आणि खाली दोन्हीकडे फुगली. माथा वर गेला, वळण वर गेलं. सगळ्या चौकटी निवडून `Format Shape > Text Options > Text Box` मध्ये `Do not Autofit` केलं आणि आतले डावे-उजवे समास 0.25 वरून 0.1 वर आणले. मजकुराला जागा मिळाली आणि फुगणं थांबलं.

मधल्या चौथ्या चौकटीची गोष्ट निराळी. ती बरोबर कार्यकारी संचालकांच्या खाली येते, म्हणून तिचा कनेक्टर सरळ उभा दिसायला हवा. दोन्ही मध्य जुळत असतील तरच तो सरळ उतरतो. अर्धा मिलिमीटर चुकला तरी त्याच्या मध्यभागी एक बारीक खाच दिसते, जणू रेघेला उचकी लागली आहे. वरची 14.85 ची आकडेमोड या खाचेसाठी होती.

आता खालचे कर्मचारी. सातही विभागांचे लोक आडवे मांडायला पान पुरत नाही, ते उभ्या यादीतच लावावे लागतात. विभागप्रमुखाच्या चौकटीपेक्षा अर्धा सेंमी आत, म्हणजे पहिल्या रकान्यात 1.7 वर, 2.8 रुंद आणि 1.1 उंच चौकटी, 9.7 पासून खाली 1.6 च्या टप्प्याने. जास्तीत जास्त सहा, कारण अभियांत्रिकीत सहा आहेत: उपमुख्य अभियंता, मिल, बॉयलर, सहवीजनिर्मिती, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट. सहावी चौकट 18.8 वर संपते. पान पुरलं.

पण यांना जोडायचं कसं? आयताला चिकटायचे बिंदू चारच असतात, चार बाजूंच्या मध्यावर. प्रमुखाच्या डाव्या बिंदूपासून कर्मचाऱ्याच्या डाव्या बिंदूपर्यंत काढलं, तर कनेक्टर कंसासारखा डावीकडे बाहेर येतो, आणि इतका बाहेर येतो की शेजारच्या रकान्याला जवळजवळ टेकतो. पिवळा बिंदू धरून तो आत ओढता येतो, पण चोवीस वेळा, दर वेळी डोळ्याच्या अंदाजाने. प्रमुखाच्या खालच्या बिंदूपासून काढलं तर आणखी वाईट: खाली, डावीकडे, पुन्हा खाली, मग उजवीकडे, असा चार तुकड्यांचा साप. त्याला दोन पिवळे बिंदू.

यावर जो उपाय सापडला त्याने अर्ध्याहून जास्त काम हलकं झालं. प्रमुखाच्या चौकटीच्या खालच्या कडेला, डावीकडून पाव सेंमी आत, एक मिलिमीटरचा चौकोनी ठिपका ठेवला. पहिल्या रकान्यात त्याचा मध्य 1.45 वर आणि तळ 8.9 वर, चौकटीच्या तळाशी जुळता. रंग चौकटीचाच, कडा नाही, त्यामुळे तो दिसत नाही. ठिपका आणि चौकट दोघांचा `Ctrl+G` ने गट केला. प्रत्येक कर्मचाऱ्याचा कनेक्टर ठिपक्याच्या खालच्या बिंदूपासून त्याच्या डाव्या बिंदूपर्यंत. आता वाट फक्त दोन तुकड्यांची होते: सरळ खाली, मग उजवीकडे. वळण ठरवायला काही उरतच नाही, पिवळा बिंदूही येत नाही. साऱ्या रेघा एकाच बिंदूतून निघतात, म्हणून उभी रेघ आपोआप एकच दिसते. चौकट वरखाली सरकवा, ती त्या उभ्या रेघेवरच राहते.

एक तपासणी इथेच करावी. कनेक्टरवर क्लिक केल्यावर टोकांचे बिंदू हिरवे दिसले तर तो चिकटला आहे. पांढरा दिसला तर तो नुसता जवळ येऊन थांबलाय. ठिपका छोटा असल्याने हे सहज फसतं. काढताना स्क्रीन 300 टक्क्यांवर मोठी केलेली बरी. आणि `Reroute Connectors` या सोयीच्या वाटणाऱ्या आज्ञेपासून लांब राहावं. ती दोन आकारांमधली सर्वांत जवळची वाट शोधते आणि आपण विचार करून निवडलेले बिंदू बदलून टाकते.

एक रकाना पूर्ण झाला: प्रमुख, ठिपका, सहा कर्मचारी, सहा कनेक्टर. त्या सगळ्याचा एक गट करून `Ctrl+D` ने प्रत काढली आणि तिची `Horizontal position` 5.2 टाकली. पुढची 9.2, मग 13.2. कनेक्टर त्याच्या दोन्ही चौकटींसकट कॉपी केला तर प्रतीत तो नव्या चौकटींना चिकटलेला येतो. एकटा कॉपी केला तर मोकळा येतो. सात रकाने दहा मिनिटांत उभे राहिले. मग नावं भरली आणि जिथे लोक कमी तिथल्या जास्तीच्या चौकटी काढल्या. चौकट डिलीट केली तरी तिचा कनेक्टर मागे राहतो, तोही वेगळा काढावा लागतो. माझा एक राहून गेला होता. इलेक्ट्रिकल सुपरवायझरने तो लटकता पाहून विचारलं, “इथे कोण येणार आहे का नवीन?”

दुहेरी जबाबदारीच्या तुटक रेघा शेवटी. पहिल्या मांडणीत शेतकी सगळ्यात डावीकडे होता, कारण कारखान्यात शेतकीचा मान पहिला, आणि लेखा चौथा. केन अकौंटंटपासून शेतकी अधिकाऱ्यांपर्यंतची तुटक रेघ दोन रकाने चिरत गेली. म्हणून रकाने हलवले. शेजारी आणले तेव्हाही आधी शेतकी डावीकडे आणि लेखा उजवीकडे ठेवून पाहिलं. त्यात तुटक रेघ केन अकौंटंटच्या डाव्या बिंदूवर उतरते, आणि तिथे त्याची अखंड रेघ आधीच बसलेली. तुटक रेघ अखंड रेघेवर पडली की ती तुटक दिसतच नाही.

उलट केलं तेव्हा जमलं. लेखा पहिला, शेतकी दुसरा. केन अकौंटंटचा उजवा बिंदू मोकळा असतो, शेतकी अधिकाऱ्यांच्या चौकटीचा डावा बिंदूही मोकळा, कारण आमच्या उभ्या रेघा ठिपक्यातून निघतात. तुटक कनेक्टर उजवीकडे निघतो, दोन रकान्यांमधल्या 0.7 च्या फटीत वर चढतो आणि शेतकीच्या चौकटीत शिरतो. वळण निम्म्यावर, म्हणजे फटीच्या बरोबर मध्ये, 4.85 वर. कशालाही छेद नाही. त्याच नियमाने डिस्टिलरी पाचवी आणि मुख्य रसायनतज्ज्ञ सहावे ठेवले, मध्ये प्रशासन आणि अभियांत्रिकी, सगळ्यात शेवटी खरेदी व भांडार. ज्याला दोन साहेब, तो डावीकडच्या रकान्यात. एका फटीत अशी एकच तुटक रेघ नीट बसते. एकाच विभागातले दोघे-तिघे शेजारच्या साहेबालाही उत्तरदायी असतील, तर त्यांच्या तुटक रेघा एकमेकींवर पडून मधल्या जागा भरून निघतात आणि पुन्हा अखंड दिसतात.

अंतर्गत लेखापरीक्षकाची चौकट उजवीकडे, 21.2 वर. संचालक मंडळाच्या उजव्या बिंदूपासून त्याच्या वरच्या बिंदूपर्यंत अखंड रेघ, आणि त्याच्यापासून कार्यकारी संचालकांपर्यंत तुटक, कारण अहवालाची प्रत त्यांना जाते. दोन्ही चौकटींचा उभा मध्य एकाच रेषेवर असला तरच ती तुटक रेघ सरळ जाते. पण तेवढ्याच उंचीची चौकट त्याच ओळीत आली की लोक त्याला कार्यकारी संचालकांच्या बरोबरीचं पद समजतात. सुपरिंटेंडेंटनी लगेच हटकलं. मध्य 5.35 वरच ठेवून त्याची उंची 0.9 केली. रेघ सरळ राहिली आणि मानाचा प्रश्नही मिटला.

तुटक रेघेचा अर्थ एकदा ठरला की ती दुसऱ्या कशाला वापरता येत नाही. रिक्त पदांना तुटक कडा द्यावी असं ऑफिसातून सुचवलं गेलं होतं. मी नको म्हटलं. रिक्त पदाची चौकट पांढरी आणि आत ‘रिक्त’ असा शब्द. बाकी चौकटींना फिकी राखाडी छटा. अहवालाची आतली पानं एकरंगी छापायची होती, त्यामुळे विभागवार रंग देण्यात अर्थच नव्हता. रेघा सगळ्या एक पॉइंटच्या. पाव पॉइंटची रेघ स्क्रीनवर नाजूक दिसते आणि छपाईत मधूनमधून गायब होते.

छापखान्याला पीडीएफच दिली. तिथे पानं लावायला अजून जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट वापरतात; तक्त्यातला मजकूर उचलून तिकडे टाकला असता तर अक्षरांची खिचडी झाली असती. पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसतो आणि रेघा रेघाच राहतात. चित्र म्हणून सेव्ह केलेली प्रत आधी पाठवली होती, ती कागदावर दाणेदार आली.

पुढच्या वर्षी सहवीजनिर्मितीला स्वतंत्र विभाग करायचं मंडळाने ठरवलं आणि फोन आला: “एक रकाना वाढवा फक्त.” हिशेब केला. आठ चौकटी 2.8 च्या आणि सात फटी 0.7 च्या, 22.4 अधिक 4.9, बरोबर 27.3 भरतात. टप्पा साडेतीनचा. पण मग आतल्या चौकटी 2.3 सेंमी राहतात आणि दहा पॉइंटमध्ये ‘रसायनतज्ज्ञ’ एका ओळीत कसाबसा बसतो, ‘इन्स्ट्रुमेंटेशन’ तुटतो. शिवाय हाताने काढलेल्या तक्त्याला कोण कोणाचा साहेब हे माहीत नसतं. स्मार्टआर्टमध्ये एक ओळ वाढवली की बाकीचे आपोआप सरकतात, इथे सातही रकान्यांची रुंदी आणि जागा मला नव्याने भरावी लागणार होती. मी दोन पानं सुचवली: पहिल्यावर मंडळ ते विभागप्रमुख, दुसऱ्यावर कारखान्याच्या तांत्रिक बाजूचे चार विभाग. दुसऱ्या पानावर चौकट 5.7 ची, फट दीडची, आणि अक्षर बारा पॉइंटचं. सुपरिंटेंडेंट म्हणाले, “साहेबांना एकच पान हवंय.” शेवटी A3 चं घडीचं पान जोडलं. रुंदी 42, समास तेच, उरले 39.6. आठ चौकटी 4.25 च्या आणि सात फटी 0.8 च्या.

आठ म्हटल्यावर मध्यावर कोणीच येत नाही, त्यामुळे ती उचकीची खाच यंदा शोधावी लागली नाही.